कालचा मजकूर, आजची तारीख

डावा पाय गुडघ्याखाली कापलेल्या रुग्णाच्या नोंदीत 'दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित लागतात' असे वाक्य रोज न चुकता उमटत राहावे, हा विनोद वाटेल. अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींत अशा वाक्यांचे किस्से चवीने सांगितले जातात. पण ते वाक्य कुणी खोटेपणाने लिहिलेले नसते. पाय शाबूत होता तेव्हा कुणीतरी ते खरेच तपासून लिहिले होते. पुढे प्रत्येकाने आदल्या दिवसाची नोंद उचलली, नव्या तारखेखाली चिकटवली, दोन-चार आकडे बदलले आणि सही केली. शस्त्रक्रिया झाली, पाय गेला. वाक्य मात्र राहिले.

संगणकावरच्या रुग्णनोंदींना जडलेल्या या व्याधीला तिकडचे डॉक्टर नोंदींची सूज म्हणतात. सूज हा शब्द नेमका आहे, कारण तिने आकार वाढतो, ताकद वाढत नाही. ती उतरवायची कशी, हे एक कामच आहे. त्याला पद्धत आहे, क्रम आहे आणि धोकेही आहेत. ते काम कसे चालते, हे आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी का समजून घ्यायचे? कारण या नोंदींचा शेवट होतो तो डिस्चार्ज कार्डावर, आणि ते कार्ड हातात घेऊन औषधांच्या दुकानात उभे राहतो ते आपण.

सूज आली कुठून

२००९ साली अमेरिकेत एक कायदा झाला. कागद सोडून संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना त्याने सरकारी पैसा देऊ केला. पाच-सहा वर्षांत तिथली जवळजवळ सगळी मोठी रुग्णालये संगणकावर आली. हस्ताक्षर लावण्याचा त्रास संपला, कुठलाही अहवाल कुठूनही दिसू लागला, हे फायदे खरेच होते. पण त्याच वेळी लिहिण्याचे कष्टही संपले. हाताने लिहिताना माणूस कंटाळून तरी थोडक्यात लिहितो. संगणकावर सात पानांची नोंद उचलायला आणि सात शब्दांची उचलायला सारखाच वेळ लागतो.

दुसरे कारण पैशाचे. १९९५ आणि १९९७ साली तिथे आलेल्या नियमांनुसार तपासणीचे बिल किती मोठे, हे ठरवताना इतिहासाचे किती मुद्दे विचारले आणि शरीराचे किती भाग तपासले, हे मोजले जाई. मुद्दे नोंदीत दिसले तरच मोजले जात, म्हणून सगळे लिहिण्याची सवय लागली. बाह्यरुग्णांसाठी २०२१ पासून आणि दाखल रुग्णांसाठी २०२३ पासून ही मोजदाद गेली. आता डॉक्टरने किती गुंतागुंतीचा निर्णय घेतला किंवा किती वेळ दिला, ते पाहतात. नियम गेला, पण त्या काळात तयार केलेले साचे अजून संगणकात आहेत आणि त्या काळात शिकलेले हातही आहेत.

या प्रकाराची मोजणीही झालेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातील तेवीस हजारांहून अधिक दैनंदिन नोंदींतले प्रत्येक अक्षर कुठून आले, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले. डॉक्टरने स्वतः टंकलेला मजकूर निघाला १८ टक्के. ४६ टक्के जुन्या नोंदींतून उचललेला होता आणि उरलेला ३६ टक्के संगणकाने आपण होऊन ओढून आणलेला होता. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्याकडच्या दहा कोटींहून जास्त नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांतला निम्मा मजकूर त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदींत जसाच्या तसा सापडला.

आपल्याकडच्या वॉर्डांतल्या कागदी केस पेपरवर 'सीएसटी' ही तीन अक्षरे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. आळसाचे लक्षण म्हणून तिची पुष्कळ थट्टा झाली. पण त्या तीन अक्षरांत एक प्रामाणिकपणा होता. आज नवे काही लिहिले नाही, हे ती उघड सांगत. चिकटवलेली सात पाने तेच सांगतात, पण आज सगळे नव्याने पाहिल्याचा आव आणून.

एक नोंद, सहावा दिवस

प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. हा कुणा एका खऱ्या रुग्णाचा वृत्तान्त नाही. अशा नोंदींत नेहमी आढळणारे दोष एकत्र करून रचलेला तो नमुना आहे.

अमेरिकेतले एक रुग्णालय. ७१ वर्षांच्या बाई बुधवारी ताप, खोकला आणि धाप घेऊन दाखल झाल्या. वजन ५८ किलो. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार आहे. त्या विकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. निदान झाले न्यूमोनियाचे. ताप आणि पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडांवर ताण आला होता. त्यांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा, जो एरवी त्यांच्यात १ च्या आसपास असे, तो २.१ वर गेला होता. सलाईन लागले, अँटिबायोटिक सुरू झाले, लघवी मोजण्यासाठी नळी घातली. मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवली. छातीचा सीटी स्कॅन झाला.

सोमवारी पाळी बदलली आणि नवे डॉक्टर आले. त्यांच्यापुढे रविवारची नोंद होती, छापली तर सात पाने भरतील अशी. तिच्यात लिहिले होते: अँटिबायोटिकचा दुसरा दिवस. लघवीची नळी चालू. क्रिएटिनिन २.१, म्हणून अपिक्साबॅन अर्ध्या मात्रेत. मेटफॉर्मिन तात्पुरती बंद. घरची औषधे: वॉरफरिन, अपिक्साबॅन आणि इतर नऊ. पूर्वेतिहास: पीई. त्याखाली सीटी स्कॅनचा अख्खा अहवाल, आणि वर-खाली मिळून प्रयोगशाळेच्या पाच दिवसांच्या आकड्यांचे तक्ते, ज्यांत त्याच दिवशी सकाळचे क्रिएटिनिन १.१ असल्याचेही दिसत होते. म्हणजे एकाच नोंदीत तिसऱ्या पानावर मूत्रपिंडे आजारी होती आणि सहाव्या पानावर बरी.

आता सफाई. पहिला मोह होतो तो जे लांब आहे ते कापण्याचा. तिथेच बहुतेक चुका होतात. लांबी हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग हा की कुठले वाक्य कुठल्या दिवसाचे आहे, हे कळत नाही. म्हणून पहिले काम काटछाटीचे नाही, प्रत्येक विधानाला तारीख लावण्याचे आहे. तारीख लावली की बरीचशी सफाई आपोआप होते. 'अँटिबायोटिकचा दुसरा दिवस' हे गुरुवारचे वाक्य आहे; गुरुवारी ते खरे होते. रविवारी पाच दिवसांचा क्रम पूर्ण झाला आणि औषध थांबले. लघवीची नळी बुधवारची. परिचारिकेच्या नोंदीत ती शुक्रवारी काढल्याचे वेळेसकट लिहिलेले आहे.

नळीच्या बाबतीत डॉक्टरचे खरे मानायचे की परिचारिकेचे? इथे दुसरा नियम येतो. हुद्दा मोठा कुणाचा, नोंद ताजी कुणाची, हे पाहायचे नाही. ज्याने ती गोष्ट हाताने केली किंवा स्वतः मोजली, त्याची नोंद मूळ. नळी काढली परिचारिकेने, तेव्हा तिची नोंद मूळ. रक्ताच्या आकड्यांसाठी प्रयोगशाळेचा अहवाल मूळ. शस्त्रक्रियेसाठी शस्त्रक्रियेची टिपणी मूळ. घरच्या औषधांसाठी दुकानातून खरोखर नेलेल्या गोळ्यांची यादी आणि रुग्णाने घरून आणलेली पिशवी मूळ. रोजची नोंद ही या सगळ्यांची नक्कल आहे, आणि नक्कल मुळाशी जुळली नाही तर नक्कल दुरुस्त करायची. त्यातही एक अट: बाईंच्या अंगाला नळी नाही ना, हे पलंगापाशी जाऊन पाहायचे. संगणकातल्या दोन नोंदींचे भांडण पुष्कळदा पलंगापाशी अर्ध्या मिनिटात मिटते.

अर्ध्या गोळीची गोष्ट

नळीबद्दलचे वाक्य हास्यास्पद आहे, पण बाईंचे त्याने फारसे बिघडणार नाही. क्रिएटिनिनचे तसे नाही, आणि ही सगळी खटपट का करायची ते इथे समजते.

अपिक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारे औषध. ठोक्यांच्या या विकारात नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून दोनदा. तीन गोष्टींपैकी दोन लागू असतील तर ती निम्म्यावर, म्हणजे २.५ वर आणायची: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. बाईंचे वय ७१, म्हणजे पहिली गोष्ट नाही. वजन ५८, म्हणजे दुसरी आहे. बुधवारी क्रिएटिनिन २.१ होते, म्हणून तिसरीही लागू धरली आणि डॉक्टरांनी सावधपणे मात्रा अर्धी केली. त्या दिवशी त्यामागे कारण होते. रविवारी आकडा १.१ वर आला. आता तीनपैकी एकच गोष्ट उरली, आणि मात्रा पुन्हा पूर्ण व्हायला हवी होती.

पण 'क्रिएटिनिन २.१, म्हणून अर्धी मात्रा' हे वाक्य रोज पुढे सरकत राहिले. त्यात कारण आहे, आकडा आहे, निर्णय आहे. वाचणाऱ्याला ते विचार करून लिहिलेले वाटते, म्हणून तो त्यावर थांबत नाही. सोमवारी ते तसेच डिस्चार्ज कार्डावर गेले असते, तर बाई अर्धी गोळी घेऊन घरी गेल्या असत्या. त्यांना काही जाणवले नसते, कारण हे औषध कमी पडल्याचे कुठलेच लक्षण नसते. लक्षण दिसते ते एकदम, हात लुळा पडतो किंवा वाचा जाते तेव्हा. मेटफॉर्मिनचेही तसेच. 'तात्पुरती बंद' या शब्दांना शेवटची तारीख नसली, तर तात्पुरते कायमचे होते आणि तीन महिन्यांनी साखर का वाढली याचा शोध सुरू होतो.

यातून सफाईचा एक साधा पण फार उपयोगी नियम निघतो. 'म्हणून' असलेले प्रत्येक वाक्य उलगडून पाहायचे. अमुक आहे म्हणून तमुक केले. तर ते अमुक आज आहे का? नसेल तर तमुक कशासाठी चालू आहे?

दोन औषधे आणि दोन अक्षरे

यादीत वॉरफरिनही आहे आणि अपिक्साबॅनही. दोन्ही रक्त पातळ ठेवणारी. दोन्ही एकदम घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. बाई दोन्ही घेतात, असे कुणालाच वाटत नाही. पण यादी म्हणते खरी. औषधविक्रेत्याची नोंद पाहिली, तर वॉरफरिन शेवटचे नेल्याची तारीख २०२२ ची. मुलीने आणलेल्या पिशवीतही ते नाही. म्हणजे वॉरफरिन बंद करून अपिक्साबॅन सुरू केले गेले, नवे औषध यादीत चढले आणि जुने उतरवायचे राहिले.

इथे वॉरफरिन नुसते पुसून टाकणे ही अर्धी सफाई झाली. ते का बंद केले, हे एका ओळीत राहिले पाहिजे. बाईंच्या बाबतीत त्याची मात्रा स्थिर राहत नव्हती, रक्त कधी फार पातळ तर कधी फार दाट होई. हे कारण पुसले गेले, तर उद्या कुणीतरी स्वस्त पडते म्हणून तेच पुन्हा सुरू करील. औषध जाते, कारण ठेवायचे.

'पीई' या दोन अक्षरांचे प्रकरण याहून बिकट. तिकडच्या डॉक्टरांच्या भाषेत त्यांचा एक अर्थ पल्मनरी एम्बॉलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. हा जिवावर बेतणारा आजार आहे. दुसरा अर्थ फिजिकल एक्झामिनेशन, म्हणजे साधी शारीरिक तपासणी. बाईंच्या प्रत्येक नोंदीत पूर्वेतिहासाखाली पीई आहे. वीस ठिकाणी आहे, म्हणजे खरे असणार, असे मनाला वाटते. पण वीस नकला म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, बाकीचे त्याचे प्रतिध्वनी.

म्हणून उलट दिशेने जायचे. नोंदींत तो शब्द शोधायचा आणि सर्वांत जुनी जागा गाठायची. बाईंच्या बाबतीत ती निघाली अपघात विभागातली काही वर्षांपूर्वीची नोंद. तिथे 'पीई' हे एका परिच्छेदाचे शीर्षक होते आणि पुढे छाती, पोट, पाय तपासल्याचे लिहिले होते. पुढच्या कुणीतरी घाईत सारांश करताना त्याचा आजार केला. मात्र एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. गुठळी दाखवणारा स्कॅन कधी झाला होता का, त्यावर उपचार झाले होते का, हे पाहायचे. बाईंना आणि मुलीला विचारायचे. त्या पूर्वी दुसऱ्या रुग्णालयात जात असतील तर तिथे चौकशी करायची. सगळीकडून नकार आला तरी 'हा आजार कधीच नव्हता' असे लिहायचे नाही. 'पुरावा सापडला नाही. मूळ नोंद शारीरिक तपासणीची होती' असे लिहायचे, म्हणजे जेवढे कळले तेवढेच.

सहा वेळा छापलेली एक ओळ

सीटी स्कॅनचा अहवाल रोजच्या नोंदीत जसाच्या तसा उतरला होता. बुधवारपासून तो सहा ठिकाणी होता. पुनरुक्तीने निदान काही हरवत नाही, असे आपल्याला वाटते. होते उलटे. पहिल्या दिवशी डॉक्टरने अहवाल वाचला तो न्यूमोनियासाठी. दुसऱ्या दिवसापासून ओळखीचा मजकूर म्हणून डोळे त्यावरून घसरू लागले. त्या अहवालाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते की उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरची एक छोटी गाठ आहे आणि सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. थोड्या कर्करोगाच्या निघतात, आणि वेळेत पाहिल्या तर त्यांवर इलाज होतो. ती ओळ सहा वेळा नोंदीत होती, आणि करायच्या कामांच्या यादीत एकदाही नव्हती.

कात्री घेऊन बसलेल्या माणसाचा खरा धोका हाच. अहवाल लांब आहे, न्यूमोनिया तर बरा झाला, म्हणून तो काढून 'सीटीत न्यूमोनिया' एवढे ठेवले, की नोंद सुटसुटीत दिसेल आणि गाठ कायमची गाडली जाईल. म्हणून लांब मजकूर काढण्याआधी तो एकदा, शेवटचा का होईना, शब्दन् शब्द वाचायचा. त्यातून निघणारी कामे वेगळी काढायची. मग मूळ अहवाल जिथे असतो तिथेच राहू द्यायचा आणि नोंदीत त्याचा निष्कर्ष व तारीख ठेवायची. शंका, राहिलेली तपासणी, ॲलर्जी आणि औषध बंद करण्याचे कारण या चार गोष्टी थोडक्यात लिहाव्यात, पण गाळू नयेत.

नळ आधी बंद करा

आता नोंद नव्याने लिहायची. जुन्यातून वाक्ये काढत बसण्यापेक्षा कोऱ्या जागेवर लिहिणे सोपे पडते. मांडणी आजारागणिक करावी, ही कल्पना लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडली होती. त्या काळी नोंदी कागदावर होत, पण पसाऱ्याची तक्रार तेव्हाही होती. प्रत्येक आजाराखाली आज काय स्थिती आहे, आपण काय समजतो आणि पुढे काय करायचे, एवढेच. बाईंची सोमवारची नोंद मग अशी होते:

'सहावा दिवस. न्यूमोनिया: ताप शनिवारपासून नाही, प्राणवायू लागत नाही, अँटिबायोटिकचे पाच दिवस रविवारी पूर्ण. मूत्रपिंडे: क्रिएटिनिन बुधवारी २.१, रविवारी १.१, नळी शुक्रवारी काढली, मेटफॉर्मिन आजपासून पुन्हा सुरू, आठवड्याने रक्ततपासणी. हृदयाचे ठोके: अपिक्साबॅन बुधवारी अर्धे केले होते, आजपासून पुन्हा ५ मिलिग्रॅम दोन वेळा; वॉरफरिन २०२२ पासून बंद, मात्रा स्थिर राहत नव्हती. फुप्फुसातील ७ मिलिमीटरची गाठ: सहा ते बारा महिन्यांत सीटी, रुग्णाला आणि मुलीला सांगितले. आधीच्या नोंदींतील पीई या आजाराला पुरावा सापडला नाही, मूळ नोंद शारीरिक तपासणीची.'

सात पानांची जागा एका परिच्छेदाने घेतली, आणि त्यात पूर्वीच्या सात पानांत नसलेल्या चार गोष्टी आहेत.

पण हे इथेच सोडले, तर मंगळवारी सकाळी सूज परत येईल. कारण नोंदीतला मोठा भाग कुणी चिकटवत नाही, संगणक स्वतः ओढून आणतो. आजारांची यादी, औषधांची यादी, ॲलर्जींची यादी या वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि नवी नोंद उघडली की त्यांतला मजकूर तिच्यात उतरतो. वॉरफरिन नोंदीतून काढले आणि औषधांच्या यादीत ठेवले, तर ते उद्या पुन्हा हजर. नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखे ते आहे. म्हणून प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करायची, आधी यादीत आणि मग नोंदीत. यादीत एकच आजार तीन नावांनी असेल तर एक ठेवायचा. बरा झालेला आजार पूर्वेतिहासात हलवायचा.

या कामाला एक मर्यादा आहे, ती कायद्याची आणि योग्यही. सही झालेली जुनी नोंद पुसता येत नाही, आणि पुसू नये. ती त्या दिवसाचा पुरावा आहे. चूक असेल तर तिला तारीखवार पुरवणी जोडायची. म्हणजे चुकीचा पीई जुन्या वीस नोंदींत राहणारच. म्हणून तर नव्या नोंदीत तो नुसता गाळून चालत नाही. आधीचे चुकीचे आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहावे लागते. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी जुन्या नोंदी चाळताना त्याला तो सापडेल आणि आपण काहीतरी महत्त्वाचे शोधल्याच्या आनंदात तो पुन्हा यादीत घालील.

सफाई नीट झाली की नाही, हे ओळखायचे कसे? बाईंना कधीही न पाहिलेल्या डॉक्टरला ती नोंद द्यायची आणि विचारायचे: आज यांना काय झाले आहे, कालपासून काय बदलले, आणि उद्या कुणी काय करायचे आहे? मागे न जाता तीन उत्तरे देता आली, तर नोंद स्वच्छ आहे. लांबी मोजायची गरज नाही.

आपल्या हातातले

अमेरिकेत २०२१ च्या एप्रिलपासून रुग्णाला स्वतःच्या नोंदी विलंब न लावता पाहू देण्याचे बंधन आहे. चूक दिसली तर दुरुस्तीची लेखी मागणी करता येते आणि तिला साधारण ६० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिथे मुलाकडे राहायला गेलेल्या आणि तिथल्या डॉक्टरकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या नोंदी घरातल्या कुणी वर्षातून एकदा वाचल्या, तर न घेतलेली औषधे आणि न झालेले आजार त्यांत सापडणे मुळीच अवघड नाही.

आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. आपली डिस्चार्ज कार्डेही आता बहुतेक संगणकावर तयार होतात, आणि आधीच्या रुग्णाच्या कार्डावर नवे नाव घालण्याची सोय इथेही तेवढीच सोपी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा आकडी आभा क्रमांकाला नोंदी जोडण्याची योजना आहे. नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाऊ लागल्या, की खऱ्या माहितीबरोबर चिकटवलेली वाक्येही प्रवास करतील.

म्हणून घरी निघताना कार्ड हातात आले की तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, औषधांपैकी नवी कोणती, बदललेली कोणती आणि बंद केलेली कोणती, हे वेगवेगळे लिहून द्या. दुसरी, 'तात्पुरते बंद' जे आहे ते कधी सुरू करायचे. तिसरी, कुठल्या अहवालात पुढे पाहण्यासारखे काही राहिले आहे का. प्रश्न साधे आहेत, डॉक्टरला त्यांचा राग येण्याचे कारण नाही. पण त्यांची उत्तरे कालच्या मजकुरातून देता येत नाहीत. त्यासाठी आजचा रुग्ण पाहावा लागतो.